दुरुस्ती अर्जात तारीख असायला हवी

जमिनीचा दावा ज्यांनी गोव्याच्या दिवाणी न्यायालयात लढवला आहे, त्यांच्या कानावर ‘सहा-सतरा’ हा शब्द कधी ना कधी पडलेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 6, नियम 17. आधी दाखल केलेल्या दावापत्रात किंवा लेखी जबाबात नंतर बदल करू द्यायचा की नाही, हे न्यायालय या नियमाखाली ठरवतं. म्हापशात असो, मडगावात असो की डिचोलीत, या अर्जावरचा एक ठरावीक आदेश वकिलांना पाठ झालेला आहे: दुरुस्तीमुळे वादाचा स्वभाव बदलत नाही, विरुद्ध पक्षाची गैरसोय खर्चाने भरून निघेल, सबब अर्ज खर्चाच्या अटीवर मंजूर. साक्षीपुरावा सुरू होण्याआधी अर्ज आला असेल तर या आदेशाबद्दल माझी तक्रार नाही. साक्षीपुरावा सुरू झाल्यानंतर मात्र असा आदेश कायद्याने विचारलेला प्रश्नच टाळतो. तो प्रश्न तारखांचा आहे. अर्जदाराला ही गोष्ट कधी कळली, कधी कळायला हवी होती, आणि कळल्यानंतर त्याने किती दिवसांत अर्ज केला?

हा प्रश्न कायद्यात कसा आला ते आधी पाहू. 1999 च्या दुरुस्ती कायद्याने संसदेने नियम 17 संपूर्ण काढूनच टाकला होता. कारण उघड होतं. दावा निकालाला आला की एखादा पक्ष दुरुस्ती अर्ज टाकायचा आणि दावा पुन्हा चार पावलं मागे जायचा. वकिलांनी जोरदार विरोध केला, आणि तो विरोध चुकीचा नव्हता, कारण खरी चूक किंवा नंतर घडलेली घटना दाव्यात आणायची वाटच बंद झाली असती. मग 2002 च्या कायद्याने नियम परत आला, पण एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, सोबत घेऊन. 1 जुलै 2002 पासून तो लागू आहे. परंतुक सांगतं की सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज मंजूर करता येणार नाही. फक्त पक्षाने योग्य ती तत्परता बाळगूनही ती बाब त्याला सुनावणीआधी मांडता आली नसती, अशा निष्कर्षाला न्यायालय आलं तरच तो मंजूर होईल. यातला ‘निष्कर्षाला आलं’ हा भाग महत्त्वाचा आहे. निष्कर्ष आदेशात लिहावा लागतो, आणि त्याला आधार लागतो. खर्च किती लावायचा हा विचार त्यानंतरचा.

‘सुनावणी सुरू झाली’ म्हणजे नेमकं केव्हा, यावरही बराच वाद झाला. वादात नेमकं काय ठरवायचं याचे मुद्दे न्यायालयाने काढले की सुनावणी सुरू झाली, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या एका निवाड्यात म्हटलेलं सापडतं. 2008 मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या प्रकरणात न्यायालयाने सरतपासाचं, म्हणजे साक्षीदाराच्या मूळ साक्षीचं, प्रतिज्ञापत्र दाखल होणं ही सुरुवात मानली. मला ही दुसरी रेषा व्यवहारात अधिक उपयोगाची वाटते. न्यायाधीश मुद्दे काढतात तेव्हाच बऱ्याच पक्षकारांना पहिल्यांदा कळतं की आपल्या दावापत्रात काय राहून गेलं आहे. मालकीचा मुद्दा निघतो, पण मालकी जाहीर करून मिळावी अशी मागणीच दाव्यात नसते. मुद्दे निघाल्यापासून सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल होईपर्यंतचा काळ हा दावापत्र पुन्हा एकदा शांतपणे वाचायचा काळ आहे. तो हातचा गेला की पुढे प्रत्येक बदलासाठी परंतुकाचा उंबरठा ओलांडावा लागतो. हल्ली तर मुद्दे आणि प्रतिज्ञापत्र यांत फारसं अंतर न ठेवण्याकडे कल आहे, तेव्हा मुद्दे निघाल्याच्या आठवड्यातच हे वाचन झालेलं बरं.

आता एक प्रकरण सविस्तर घेतो. ते कल्पित आहे, पण बार्देश तालुक्यात अशा धर्तीचे दावे नेहमीचेच.

एका माणसाच्या नावावर एक भाट, म्हणजे बागायती जमीन, आहे. शेजारचा भाटकार हद्दीच्या बाजूने चिरे आणून टाकतो आणि पाया खणू लागतो. जून 2015 मध्ये हा माणूस म्हापशाच्या न्यायालयात दावा लावतो. मागणी एकच, कायम मनाई हुकमाची. नोव्हेंबर 2015 मध्ये लेखी जबाब येतो. त्यात शेजारी म्हणतो की ही पट्टी वादीची नाहीच. जमीन नोंदणी कार्यालयातल्या जुन्या पोर्तुगीज वर्णनाप्रमाणे ती आपल्या भाटाचा भाग आहे. मार्च 2016 मध्ये मुद्दे निघतात. ऑगस्ट 2017 मध्ये वादी सरतपासाचं प्रतिज्ञापत्र देतो. मे 2018 मध्ये शेजारी रातोरात भिंत पुरी करतो आणि साठ चौरस मीटरची पट्टी आत घेतो. जानेवारी 2019 मध्ये वादीची उलटतपासणी होते. प्रतिवादीचा वकील विचारतो: तुम्ही मालकी जाहीर करून मागितलेली नाही, खरं ना? आज पट्टी तुमच्या ताब्यात नाही, खरं ना? दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘खरं’ असंच येतं. ऑगस्ट 2019 मध्ये वादी दुरुस्ती अर्ज टाकतो. अर्जात तीन गोष्टी आहेत. पहिली, दावापत्रात सर्व्हे क्रमांकाचा उपविभाग चुकून दुसराच पडला आहे, तो एक-चौदाच्या जमीन-उताऱ्याप्रमाणे दुरुस्त करावा. दुसरी, भिंत पाडून पट्टीचा ताबा परत मिळावा. तिसरी, आपण मालक असल्याचं जाहीर करून मिळावं. कारण म्हणून एकच वाक्य: हे सर्व अनवधानाने राहून गेलं.

हा अर्ज एकगठ्ठा मंजूर करणं चूक आणि एकगठ्ठा फेटाळणंही चूक. नेमक्या याच जागी बरेच आदेश घसरतात. तीन मागण्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, म्हणून तीन उत्तरंही वेगळी यायला हवीत.

उपविभागाचा आकडा ही लेखनातली चूक आहे. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा आणि दाव्यासोबत जोडलेला उतारा एकमेकांशी जुळत असतील, आणि प्रतिवादीने लेखी जबाबात त्याच मिळकतीला उत्तर दिलेलं असेल, तर दोन्ही पक्ष कोणत्या जमिनीबद्दल भांडत आहेत याबद्दल शंका नाही. या दुरुस्तीने प्रतिवादीचा कोणताही बचाव जात नाही, म्हणून ती मंजूर व्हावी. पण इथे एक सावधगिरी लागते. काही वेळा ‘आकड्याची चूक’ या नावाखाली दुसरी जमीनच दाव्यात आणली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: नव्या क्रमांकाबरोबर क्षेत्रफळ किंवा चतुःसीमाही बदलायला सांगितल्या असतील, तर ती लेखनातली चूक उरत नाही. मग त्या मागणीची तपासणी नव्या दाव्यासारखी, मुदतीसकट व्हायला हवी.

भिंत मे 2018 मधली. दावा 2015 चा, प्रतिज्ञापत्र 2017 चं. जी गोष्ट घडलीच नव्हती ती वादीने आधी कशी मांडावी? सुनावणी सुरू झाल्यानंतर घडलेल्या घटनेला परंतुकाची अडचण मुळातच कमी पडते. ही दुरुस्ती नाकारली तर वादीला भिंतीपुरता दुसरा दावा लावावा लागेल, आणि त्याच मालकीवर दोन न्यायालयांपुढे दोनदा साक्षी होतील. पहिल्या दाव्यातून काही साधणारही नाही, कारण ज्या जमिनीचा ताबाच गेला तिच्यावर नुसत्या मनाई हुकमाचा उपयोग नाही. तरीही वादीला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल. मे 2018 पासून ऑगस्ट 2019 पर्यंत पंधरा महिने त्याने काय केलं? पंचायतीकडे तक्रार दिली असेल, मनाई हुकूम मोडल्याचा अर्ज न्यायालयात टाकला असेल, भूमापन खात्याकडून मोजणी करून घेतली असेल, तर त्या कागदांवरच्या तारखा अर्जात आल्या पाहिजेत. ताबा परत मिळवण्याची मुदत मालकीच्या आधारावर 12 वर्षं आहे, त्यामुळे मुदतीचा अडसर इथे नाही. दिरंगाईचा खर्च लावावा आणि दुरुस्ती द्यावी.

तिसरी मागणी खरी अवघड. मालकी नाकारली गेली नोव्हेंबर 2015 मध्ये, लेखी जबाबात. तो जबाब वादीच्या वकिलाने हातात घेतला, त्यावर मुद्दे निघाले. मार्च 2016 ते ऑगस्ट 2017 या सतरा महिन्यांत केव्हाही साधा अर्ज करून मालकी जाहीर करण्याची मागणी जोडता आली असती. तेव्हा परंतुक आड आलंच नसतं. शिवाय जाहीरनाम्याच्या, म्हणजे हक्क जाहीर करून मिळण्याच्या, मागणीला मुदत कायद्याच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद 58 प्रमाणे तीन वर्षांची मुदत आहे. नोव्हेंबर 2015 पासून मोजली तर ती नोव्हेंबर 2018 मध्ये संपते, म्हणजे अर्जाच्या नऊ महिने आधी. ‘अनवधानाने राहिलं’ हे कारण इथे टिकत नाही. 2012 च्या जे. सॅम्युएल विरुद्ध गट्टू महेश या निवाड्यात करारपूर्तीच्या दाव्यातल्या वादीने ‘आपण करार पुरा करायला तयार आणि इच्छुक होतो’ हे अत्यावश्यक विधानच दावापत्रात केलं नव्हतं, आणि युक्तिवाद संपल्यावर ती टंकलेखनाची चूक म्हणून दुरुस्त करायला मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. दाव्याचा कणाच असलेलं विधान गाळलं जातं तेव्हा त्याला टंकलेखनाची चूक म्हणता येत नाही.

तरीही या प्रकरणात वादीचा मार्ग पुरता बंद होत नाही, आणि अशा वेळी न्यायाधीशाचं कसब दिसतं. ताबा परत मागायचा तर मालकी सिद्ध करावीच लागते. मालकीवर आधारलेल्या ताब्याच्या दाव्यात जाहीरनाम्याची मागणी सोबत असली तरी 12 वर्षांची मुदतच लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने सोपानराव विरुद्ध सय्यद मेहमूद या 2019 च्या निवाड्यात म्हटलं आहे. म्हणून न्यायालयाने 2018 च्या भिंतीतून जन्मलेली ताब्याची मागणी द्यावी आणि साठ चौरस मीटरच्या त्या पट्टीपुरतं मालकीचं विधान व जाहीरनामा तिच्या सोबत येऊ द्यावा. संपूर्ण भाटाच्या मालकीचा स्वतंत्र जाहीरनामा मात्र, जो 2015 मध्येच मागता आला असता, नाकारावा. वकील या वाटणीवर नाराज होतील. पण प्रत्येक तुकड्याचं कारण त्याच्या तारखेत आहे, आणि वरिष्ठ न्यायालयाला ते तपासता येतं.

अशा आदेशात आणखी एक ओळ हवी, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. मंजूर झालेली दुरुस्ती सर्वसाधारणपणे दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून होती असं मानलं जातं. मुदत संपलेली मागणी याच वाटेने गुपचूप आत शिरते. 2002 च्या संपत कुमार विरुद्ध अय्याकण्णू या प्रकरणात 1988 च्या मनाई दाव्यात वादीने 1999 मध्ये मालकी आणि ताब्याची मागणी जोडायला मागितली. आपला ताबा जानेवारी 1989 मध्ये गेला असं त्याचं म्हणणं होतं. साक्षीपुरावा अजून सुरू झाला नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती दिली, पण ती अर्जाच्या तारखेपासूनच झाल्याचं मानावं असं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे अकरा वर्षांत प्रतिवादीला मिळालेला मुदतीचा बचाव शाबूत राहिला. आपल्या बार्देशच्या प्रकरणातही आदेशाने लिहायला हवं की ही दुरुस्ती ऑगस्ट 2019 पासून झाली असं मानण्यात येईल आणि मुदतीचा मुद्दा खुला राहील. एका वाक्याने पुढची अपिलातली वर्षं वाचतात.

दुरुस्ती सढळ हाताने द्यावी असं म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. गोव्यात तर त्याला आणखी धार आहे. जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. नोंदणीतलं वर्णन, त्यावरचे शेरे, मातृज या जुन्या महसुली नोंदवहीतली नोंद, वाटणीच्या इन्व्हेंटरीचे कागद हे सगळं शोधून, नक्कल काढून, भाषांतर करून हातात यायला वेळ लागतो. वारसांपैकी निम्मे मुंबईत किंवा परदेशात असतात. या परिस्थितीत दावा लावतेवेळी प्रत्येक गोष्ट माहीत असेल अशी अपेक्षा धरणं अन्याय होईल. मुंबई उच्च न्यायालयाने 1909 मध्ये किसनदास रूपचंद प्रकरणात घालून दिलेली जुनी कसोटीही उदारच आहे: विरुद्ध पक्षावर असा अन्याय होत नसेल जो खर्चाने भरून निघणार नाही, तर खऱ्या वादाच्या निर्णयासाठी लागणारी दुरुस्ती द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ती उचलून धरली. सुनावणीपूर्वी ती आजही तितकीच खरी आहे, आणि त्या टप्प्यावर न्यायालयांनी हात आखडता घेऊ नये. दुरुस्तीतलं म्हणणं खरं की खोटं, हेही त्या वेळी तपासायचं नसतं. तरी विरुद्ध बाजूची निम्मी उत्तरं त्यावरच खर्ची पडतात.

सुनावणी सुरू झाल्यानंतर मात्र खर्चाने न भरून निघणारी एक गोष्ट घडलेली असते: उलटतपासणी. प्रतिवादीच्या वकिलाने दावापत्रातली फट हेरली, तिच्याभोवती प्रश्न रचले, साक्षीदाराकडून कबुली घेतली. त्यानंतर ती फट बुजवायला दिली तर प्रतिवादीने आपली बाजू आधीच उघड केलेली असते आणि वादी त्याच्याच प्रश्नांवरून दावापत्र सुधारतो. साक्षीदार पुन्हा बोलावता येतो, पण त्याने एकदा ऐकलेले प्रश्न त्याच्या डोक्यातून पुसता येत नाहीत. या नुकसानीला रुपयांत मोजता येत नाही. परंतुकाचं खरं समर्थन हे आहे. दिरंगाई थांबवणं हा त्याचा एक हेतू झाला. उलटतपासणीचं मोल राखणं हा दुसरा, आणि आदेशांत त्याचा उल्लेख फारच क्वचित येतो.

2022 च्या आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या निवाड्याचा आधार हल्ली प्रत्येक दुरुस्ती अर्जात दिसतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टी ठेवावी असं विस्ताराने सांगितलं, हे खरं. पण तो दावा 1986 चा होता. 1 जुलै 2002 पूर्वी दाखल झालेल्या दावापत्रांना आणि जबाबांना परंतुक लागू होत नाही, हे 2002 च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे 2015 च्या दाव्यात तो निवाडा वाचताना हा फरक लक्षात घ्यायलाच हवा. उलट 2024 च्या बसवराज विरुद्ध इंदिरा या प्रकरणात वाटणीच्या दाव्यात आधीचा तडजोडीचा हुकूमनामा रद्दबातल ठरवण्याची मागणी अगदी शेवटच्या टप्प्यावर जोडायला मागितली होती. उच्च न्यायालयाने ती दिली. सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, कारण आधी का मांडली नाही याचं स्पष्टीकरणच नव्हतं. दोन्ही निवाडे एकमेकांना छेद देत नाहीत. त्यांतल्या तारखा वेगळ्या आहेत.

प्रतिवादीच्या दुरुस्त्यांना न्यायालयं जास्त सवलत देतात, आणि ते योग्य आहे. प्रतिवादी परस्परविरोधी बचावही पर्याय म्हणून घेऊ शकतो. वादीला आपल्या दाव्याचं कारण असं बदलता येत नाही. पण इथेही एक सीमा आहे, आणि गोव्यात ती मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घरात राहणाऱ्यांच्या, दाव्यांत वारंवार तपासली जाते. भाटकाराने घर खाली करून मागण्याचा दावा लावला. पहिल्या लेखी जबाबात प्रतिवादीने लिहिलं की आपण भाडं देऊन राहतो. भाटकाराची साक्ष झाली. मग प्रतिवादी नवा वकील नेमतो आणि जबाबातला ‘भाडेकरू’ हा उल्लेख काढून त्या जागी ‘मुंडकार’ घालायला मागतो. हा बदल फक्त शब्दाचा नाही. 1975 च्या मुंडकार कायद्यातली व्याख्या घराचं भाडं देणाऱ्याला वगळते. आणि मुंडकारीचा प्रश्न उभा राहिला की तो ठरवायला मामलेदाराकडे जातो व तोवर दिवाणी दावा थांबतो. आधी दिलेली कबुली पुसून टाकणारी दुरुस्ती देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये मोदी स्पिनिंगच्या प्रकरणातच म्हटलं आहे.

मग खरोखर मुंडकार असलेल्या, पण वकिलाने चुकीचा शब्द लिहिल्यामुळे अडकलेल्या गरीब माणसाचं काय? मुंडकार कायदा झाला तोच अशा माणसासाठी, त्यामुळे हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. माझ्या मते उत्तर दुरुस्तीच्या स्वरूपात आहे. भाडं दिल्याचं विधान जसंच्या तसं जागेवर ठेवून, ते कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं याचं स्पष्टीकरण आणि मुंडकारीचा पर्यायी बचाव त्याच्याखाली जोडायला मागितला, तर न्यायालयाने तो द्यावा; विधान खरं की स्पष्टीकरण खरं, हे पुराव्यात ठरेल. जुना परिच्छेदच काढून टाकायला मागितला तर देऊ नये. कबुलीचं स्पष्टीकरण आणि कबुलीची माघार यांतला फरक असा कागदावर दिसतो. आणि तत्परतेच्या तपासणीत प्रतिवादी निरक्षर होता का, जबाब त्याला वाचून दाखवला होता का, त्याच्या घराची मुंडकार म्हणून नोंदणी आधी झाली होती का, हे जरूर पाहावं. नोंदणीचा कागद दाव्याच्या आधीचा असेल तर तो प्रतिवादीच्या बाजूनेही बोलतो आणि विरुद्धही: मुंडकारी खरी असल्याचं सांगतो, आणि ती आधी मांडायला कोणाची हरकत होती असंही विचारतो.

कितीतरी दुरुस्ती अर्ज मुळात टाकायलाच नको असतात, हे इथे सांगितलं पाहिजे. दावापत्रात घटना मांडायच्या असतात, पुरावा नाही. ‘ही मिळकत माझ्या आजोबांच्या नावे जमीन नोंदणी कार्यालयात नोंदलेली होती’ हे विधान दाव्यात असेल, आणि तीन वर्षांनी त्या नोंदीची नक्कल मिळाली, तर दुरुस्तीची गरज नाही. दस्तऐवज दाखल करायची परवानगी मागावी, ती आदेश 7, नियम 14 खाली मिळते. नक्कल मिळाली म्हणून दावापत्रात चार नवे परिच्छेद घुसवायला गेलं की परंतुक अंगावर येतं आणि हातातला कागदही अडकतो. जोडीदाराचंही तसंच. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, त्यामुळे बायकोला पक्षकार केलं नाही अशी हरकत गोव्यात हमखास येते. तिला जोडायचा अर्ज आदेश 1, नियम 10 चा. त्याची कसोटी वेगळी आहे. तो अर्ज सहा-सतरामध्ये कोंबू नये.

जिथे दुरुस्ती खरोखर हवी, तिथे अर्ज कसा असावा? कोणत्या परिच्छेदात, कोणत्या शब्दांनंतर, नेमका कोणता मजकूर घालायचा आणि कोणता काढायचा, ते अर्जातच अक्षरशः लिहिलेलं असावं. ‘दावापत्र योग्य प्रकारे दुरुस्त करण्याची परवानगी मिळावी’ असा मोघम अर्ज विरुद्ध पक्षाला उत्तर द्यायला काहीच देत नाही. सुधारलेल्या दावापत्राचा मसुदा बदल अधोरेखित करून सोबत जोडावा. मग प्रत्येक बदलासमोर तीन तारखा: घटना घडल्याची, ती अर्जदाराला कळल्याची, आणि कळल्याचा पुरावा काय. नक्कल असेल तर तिच्यावर नकलेसाठी अर्ज केल्याची आणि ती तयार झाल्याची तारीख असते. तीच प्रतिज्ञापत्रात यावी. नक्कल 2019 ची असली तरी तिच्यासाठीचा पहिला अर्जच 2019 मध्ये केला असेल, तर ‘कागद आत्ता मिळाला’ हे म्हणणं तत्परता सिद्ध करत नाही, उलट तिचा अभाव दाखवतं. मागणी वाढल्यामुळे दाव्याचं मूल्यांकन बदलतं का, जादा कोर्ट फी लागते का, कनिष्ठ विभागाच्या न्यायाधीशाची अधिकारमर्यादा ओलांडली जाते का, हेही आधीच पाहून ठेवावं. नाहीतर दुरुस्ती मंजूर व्हायची आणि दावापत्र दुसऱ्या न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळायचं.

विरुद्ध पक्षाने उत्तर देतानाही तारखांवरच बोट ठेवावं. ‘हा अर्ज खोटा, त्रासदायक आणि उशिरा केलेला आहे’ या वाक्याने काही साधत नाही. वादीच्या हातात लेखी जबाब कधी पडला, कोणत्या परिच्छेदात मालकी नाकारली, मुद्दा कोणत्या दिवशी निघाला, उलटतपासणीतला कोणता प्रश्न या दुरुस्तीने निकामी होतो, हे सांगितलं तर न्यायाधीशाला आदेश लिहायला सामग्री मिळते. दुरुस्ती मंजूर झालीच, तर जादा लेखी जबाब, नवे मुद्दे आणि नव्या मजकुरापुरती उलटतपासणी या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी मागून घ्याव्यात.

मंजुरीनंतरची चूक तर सर्वांत स्वस्तात टळणारी. आदेशात वेळ दिली असेल तर त्या वेळेत, नसेल तर आदेशापासून 14 दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष दावापत्रात करायची असते. नियम 18 म्हणतो की ती मुदत गेली तर न्यायालयाने वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. वर्षभर भांडून मिळवलेली परवानगी अशी वाया गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, कारण आदेश झाला की वकील पुढच्या तारखेला येतो आणि दावापत्र तसंच पडून राहतं. आणि 14 दिवसांत जे उतरवायचं ते मंजूर मसुद्यातलंच. सुधारित दावापत्र टंकताना एखादा जादा परिच्छेद किंवा नवी मागणी सहज घुसवली जाते. विरुद्ध पक्षाने दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून वाचल्याशिवाय ते लक्षात येत नाही, आणि मग त्यावर वेगळा अर्ज, वेगळा आदेश, आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली वेगळी याचिका असा प्रवास सुरू होतो. त्या याचिकेत उच्च न्यायालय पहिल्यांदा काय शोधतं, तर खालच्या न्यायालयाने तत्परतेबद्दल निष्कर्ष दिला आहे का. तो दिलेला नसेल तर प्रकरण बहुधा फेरविचारासाठी म्हापशाला परत येतं, आणि साठ चौरस मीटरच्या पट्टीवरची भिंत तोवर उभीच असते.